‘येस’ म्हणण्याआधी: तोडक्या इंग्रजीत चेक-इन कसे करावे

प्रश्न: मी दिंडोरी तालुक्यातला आहे, शिक्षण मराठी माध्यमातून झाले. दोन आठवड्यांपूर्वी नाशिकला द्वारकाजवळच्या ४० खोल्यांच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागलो, बहुतेक वेळा नाइट शिफ्ट असते. हिंदी बोलणारे गेस्ट आले की जमते. इंग्रजी बोलणारे आले की अर्धेच कळते आणि मी येस येस म्हणत राहतो. मॅनेजर म्हणतात, क्लास लाव. लावू का? आणि तोपर्यंत चेक-इनच्या वेळी नेमके काय बोलू?

उत्तर:

मी गेली एकोणीस वर्षे नाशिकमधल्या हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम करते आहे. माझी सुरुवातही रात्रपाळीच्या काउंटरवर झाली आणि माझे शिक्षणही मराठी माध्यमातलेच आहे. तुम्ही लिहिलेले वाचताना मला काळजी वाटली ती तुमच्या इंग्रजीची नव्हे, तर त्या ‘येस येस’ची. कमी इंग्रजीत चेक-इन उत्तम होऊ शकते आणि ते रोज शेकडो काउंटरांवर होत असते. पण न समजता दिलेला होकार हा गेस्टच्या दृष्टीने हॉटेलने दिलेला शब्द असतो, आणि तो मोडला की तुमचे इंग्रजी कच्चे होते हे कारण कोणी ऐकून घेत नाही.

हे मी अनुभवाने शिकले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक परदेशी जोडपे आमच्याकडे दोन रात्री राहिले होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या बाईंनी मला विचारले, “वुड यू माइंड इफ वी केप्ट द रूम टिल सिक्स टुमॉरो?” त्यातले ‘रूम’, ‘सिक्स’ आणि ‘टुमॉरो’ एवढे तीनच शब्द माझ्या कानाला लागले. मी समजले की त्यांना सकाळी सहाला उठवायचे आहे, आणि हसून “येस, मॅडम” म्हणाले. सकाळी सहाला त्यांच्या खोलीत फोन गेला आणि प्रवासाने थकलेली ती माणसे विनाकारण जागी झाली. त्याहून वाईट प्रकार अकरा वाजता घडला. त्यांना खोली संध्याकाळी सहापर्यंत हवी होती, ती मिळाली असे समजून त्या निवांत होत्या, आणि ती खोली बारा वाजता लग्नाच्या वऱ्हाडाला द्यायची ठरलेली होती. त्या बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “बट यू सेड येस.” त्यानंतर मी स्वतःला एक नियम घातला आणि आजही माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तोच सांगते: गेस्टचे म्हणणे तुम्हाला स्वतःच्या साध्या शब्दांत परत म्हणता येत नाही तोपर्यंत ‘येस’ म्हणायचे नाही.

त्या वेळी “रूम टिल सिक्स इव्हनिंग? ऑर वेक-अप सिक्स मॉर्निंग?” एवढे जरी मी विचारले असते, तरी सगळे निभावले असते. हे व्याकरणशुद्ध इंग्रजी नाही, पण गेस्टला लगेच कळते की कोणत्या दोन गोष्टींत तुमचा घोळ होतो आहे, आणि तो त्यातली एक निवडून सांगतो. “आय डोन्ट अंडरस्टँड” म्हटले तर तो तेच लांबलचक वाक्य अधिक मोठ्या आवाजात म्हणतो. दोन पर्याय समोर ठेवले तर उत्तर एका शब्दात येते, आणि ते तुम्हाला नक्की कळते.

आता चेक-इनकडे वळू. तुम्हाला काही सुचत नाही याचे एक कारण असे आहे की समोरचा काहीही विचारू शकतो अशी धास्ती मनात असते. प्रत्यक्षात चेक-इनचे बोलणे फार अरुंद वाटेने चालते. नाव आणि बुकिंग, ओळखपत्र, किती रात्री आणि किती माणसे, खोलीचा प्रकार आणि नाश्ता-जेवण, पैसे, आणि शेवटी निघण्याची वेळ, या सहा गोष्टींच्या बाहेर ते क्वचितच जाते. शिवाय प्रश्न विचारणारे तुम्ही असता. म्हणून क्रम कायम ठेवा. रोज त्याच क्रमाने बोललात की उत्तर काय येणार याचा अंदाज आधीच असतो, आणि अंदाज असला की अनोळखी उच्चारसुद्धा कानाला कळू लागतात. गेस्टने मध्येच दुसरे काही विचारले तर “येस सर, आय विल कम टू दॅट” म्हणून ते रजिस्ट्रेशन कार्डाच्या कोपऱ्यात टिपून ठेवा, आणि सहा गोष्टी संपल्यावर त्याकडे या. हा ‘येस’ चालतो, कारण त्यात कसलेही वचन नाही.

स्वागताबद्दल दोनच गोष्टी सांगते. हात जोडून ‘नमस्कार’ म्हणा, त्याच्या जोडीला वेळेनुसार इंग्रजी अभिवादन आणि हॉटेलचे नाव घ्या, एवढे पुरते. दुसरी गोष्ट तुमच्या रात्रपाळीसाठी महत्त्वाची आहे. गेस्ट रात्री अकरालाच काय, साडेअकराला आला तरी त्याला ‘गुड इव्हनिंग’च म्हणायचे असते. ‘गुड नाइट’ हा निरोप आहे. तो खोलीकडे जाताना म्हणावा. दारातून बॅगा घेऊन आत येणाऱ्या माणसाला ‘गुड नाइट, सर’ म्हटलेले मी कित्येकदा ऐकले आहे, आणि ऐकणारा क्षणभर गोंधळतोच.

यापेक्षा खोलवर जाणारी अडचण नम्रतेची आहे आणि ती आपल्या भाषेतून येते. मराठीत आदर क्रियापदाच्या शेवटी बसलेला असतो. ‘बसा’, ‘थांबा’, ‘पासपोर्ट द्या’, ‘इथे सही करा’ ही वाक्ये आपल्याकडे पूर्ण अदबीची आहेत, कारण ‘बस’ आणि ‘बसा’ यांतला फरक ऐकणाऱ्याला कळतो. तीच वाक्ये इंग्रजीत नेली की तो शेवट गळून पडतो आणि उरते ते ‘सिट’, ‘वेट’, ‘गिव्ह पासपोर्ट’, ‘साइन हिअर’. तुमच्या मनात आदर असतो, पण गेस्टच्या कानावर हुकूम पडतो. इंग्रजीत तो आदर वेगळ्या शब्दांनी बाहेरून जोडावा लागतो. त्यासाठी व्याकरण शिकण्याची गरज नाही. दोन साचे पुरे आहेत. काही मागायचे असेल तर ‘मे आय हॅव...’ आणि शेवटी ‘प्लीज’. काही करायला सांगायचे असेल तर आधी ‘प्लीज’. “मे आय हॅव युअर पासपोर्ट, प्लीज?” “मे आय हॅव युअर फोन नंबर, प्लीज?” “प्लीज हॅव अ सीट.” “प्लीज साइन हिअर.” आरशासमोर नव्हे, तर काउंटरवर कोणी नसताना हातात खरे रजिस्ट्रेशन कार्ड धरून हे पन्नास वेळा म्हणा. शब्द हाताच्या हालचालीला चिकटले की घाईतही तेच तोंडून येतात.

याच कारणाने ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ हे वाक्य पूर्ण टाळा. आपल्या ‘काय हवे आहे आपल्याला?’ मधला गोडवा त्यात अजिबात येत नाही. ते दारात अडवल्यासारखे वाटते. त्याऐवजी “हाऊ मे आय हेल्प यू?” म्हणा.

नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट नवीन मुलांच्या लक्षात उशिरा येते. इंग्रजी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर परदेशी पाहुणा येत असेल. असे पाहुणे येतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामानिमित्त येतात, द्राक्षबागा आणि वाईनरी पाहायला येतात. पण तुमच्यासारख्या ठिकाणी इंग्रजीची खरी गरज दक्षिणेकडून आलेल्या यात्रेकरूंशी बोलताना पडते. तमिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटक येथून त्र्यंबकेश्वर आणि शिर्डी एकाच फेरीत करणारी कुटुंबे मोठ्या संख्येने येतात. त्यांतल्या अनेकांना हिंदी येत नाही आणि त्यांचे इंग्रजीही पुष्कळदा तुमच्या-माझ्याइतकेच असते. तिथे लांब, सफाईदार वाक्य दोघांच्याही अडचणीचे ठरते. छोटे वाक्य, मध्ये विराम, आणि कागदावर आकडा ही खरी दोघांची भाषा असते.

या मंडळींच्या नावांबद्दलही सांगून ठेवते. तमिळ नावात पुष्कळदा आडनाव नसते. नावाआधीचे अक्षर हे बहुधा वडिलांच्या नावाचे असते. आपल्या सॉफ्टवेअरला मात्र नाव आणि आडनाव असे दोन रकाने हवे असतात, आणि वेबसाइटवरच्या बुकिंगमध्ये गेस्टने कधी वडिलांचे पूर्ण नाव दुसऱ्या रकान्यात भरलेले असते, कधी केवळ अक्षर. म्हणून आडनावाने बुकिंग सापडले नाही की ‘नो बुकिंग’ म्हणू नका. पहिल्या नावाने शोधा, फोन नंबराने शोधा, आणि तरीही सापडले नाही तर “मे आय सी युअर बुकिंग, प्लीज?” म्हणून त्यांच्या फोनवरचा बुकिंग क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहून टाइप करा. नाव ऐकून लिहिण्याचा प्रयत्न तर करूच नये. ओळखपत्र समोर ठेवून त्यावरून उतरवावे.

आता एक प्रसंग बारकाईने पाहू, कारण सगळ्या गोष्टी त्यात एकत्र येतात. मागच्या वर्षी माझ्या हाताखाली आलेला एक मुलगा रात्रपाळीला होता. पहाटे पावणेसहाला कोइंबतूरचे एक कुटुंब नाशिकरोड स्टेशनवरून रिक्षाने आले: नवरा-बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि आजोबा. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचा होता, त्याला तीन दिवस लागतात, म्हणून वेबसाइटवरून तीन रात्रींचे बुकिंग केलेले होते. आमची चेक-इनची वेळ दुपारी बाराची आणि त्या पहाटे एकही खोली रिकामी नव्हती. मुलाने संगणकात पाहिले आणि खरे तेच सांगितले: “नो रूम, सर. ट्वेल्व्ह ओ’क्लॉक.”

गेस्टने यातले पहिले दोन शब्द ऐकले. बुकिंग करून, पैसे भरून, वृद्ध वडिलांना घेऊन रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला ‘नो रूम’ याचा एकच अर्थ लागतो: आपले बुकिंग यांनी दुसऱ्याला दिले. त्यांचा आवाज चढला, मुलगा घाबरून आणखी तुटक बोलू लागला आणि वीस मिनिटांनी त्याने मला फोन केला. मी येऊन जे बोलले त्यातले एकही वाक्य त्या मुलाला येत नव्हते असे नाही. फरक क्रमाचा होता.

सगळ्यात आधी मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि त्यांचे नाव बोटाने दाखवत म्हटले, “युअर बुकिंग इज हिअर, सर. थ्री नाइट्स. कन्फर्म्ड.” ते ऐकताच त्यांचे खांदे सैल झाले. मग “युअर रूम विल बी रेडी ॲट ट्वेल्व्ह” म्हटले, म्हणजे तीच बातमी. पण आता ती ‘खोली नाही’ अशी नव्हती, ‘खोली बाराला तयार होईल’ अशी होती. त्याला लागूनच आत्ता काय देता येईल ते सांगितले: “प्लीज कीप युअर बॅग्ज हिअर. यू कॅन टेक अ बाथ. हॉट वॉटर इज देअर.” स्टाफच्या मजल्यावरचे न्हाणीघर आम्ही अशा पहाटेच्या मंडळींसाठी स्वच्छ ठेवतो. आजोबांसाठी लॉबीतला लांब सोफा मोकळा करून दिला आणि चहा मागवला. नाही म्हणायचे असले तरी आधी जे आहे ते सांगावे, मग जे नाही ते वेळेसह सांगावे, आणि शेवटी लगेच देता येण्यासारखे काहीतरी पुढे करावे.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग मोठा आहे, हेही सांगितले पाहिजे. खोली रिकामी असती तर प्रश्न इंग्रजीचा न राहता हॉटेलच्या धोरणाचा झाला असता. काही ठिकाणी लवकर येणाऱ्याला खोली तशीच देतात, काही ठिकाणी अर्ध्या दिवसाचे भाडे घेतात, काही ठिकाणी सकाळी आठनंतर सूट असते. तुमच्या हॉटेलात रात्रपाळीच्या माणसाला काय कबूल करण्याचा अधिकार आहे हे मॅनेजरकडून आजच स्पष्ट विचारून घ्या आणि काउंटरच्या आतल्या बाजूला मराठीत लिहून चिकटवा. माणूस पुष्कळदा भाषा येत नाही म्हणून अडखळत नाही. उत्तर काय द्यायचे हेच ठाऊक नसते म्हणून अडखळतो. मोठ्या साखळीतल्या हॉटेलांत बोलण्याची वाक्येही ठरवून दिलेली असतात. तशी तुमच्याकडे असतील तर माझ्या वाक्यांऐवजी तीच वापरा.

बाराला खोली तयार झाल्यावर खरे चेक-इन सुरू झाले आणि त्यात तीन ठिकाणी घोळ होण्यासारखा होता. पहिले ठिकाण रात्रींचे. गेस्ट म्हणाले, “थ्री डेज.” आपल्याकडे तीन दिवस म्हणजे कोणासाठी दोन रात्री असतात, कोणासाठी तीन. म्हणून दिवसांत कधीच बोलू नये. रात्री मोजाव्यात आणि निघण्याची तारीख वारासकट म्हणावी. मी म्हटले, “थ्री नाइट्स, सर. चेक-आउट फ्रायडे मॉर्निंग, इलेव्हन ओ’क्लॉक.” वार म्हटला की चूक असेल तर गेस्टच ती पकडतो, कारण परतीच्या तिकिटाचा वार त्याच्या डोक्यात पक्का असतो.

दुसरे ठिकाण माणसांचे आणि नाश्त्याचे. बुकिंग दोन मोठ्यांसाठीचे होते आणि त्यात नाश्ता धरलेला होता. आले होते चौघे. ‘ब्रेकफास्ट इन्क्लुडेड’ असे गेस्टने वाचलेले असते आणि ते चौघांसाठी आहे असे तो प्रामाणिकपणे समजतो. हा वाद हमखास तिसऱ्या दिवशी बिलाच्या वेळी उफाळतो. त्यामुळे तो पहिल्याच दिवशी, पैशांसह, कागदावर मिटवावा लागतो. मी रजिस्ट्रेशन कार्ड त्यांच्याकडे फिरवले आणि लिहिता लिहिता बोलले: “बुकिंग इज फॉर टू पर्सन्स. ब्रेकफास्ट फ्री फॉर टू. यू आर फोर पर्सन्स. टू एक्स्ट्रा बेड्स.” एका जादा गादीचे आमचे भाडे तेव्हा ८०० रुपये होते, त्यात नाश्ता धरलेला. मी कार्डावर ८०० गुणिले २ गुणिले ३ असे मांडून ४,८०० हा आकडा काढला, त्याखाली कर वेगळा असे लिहिले आणि थांबले. त्यांनी पत्नीशी तमिळमध्ये बोलून घेतले, मुलगी आईबरोबर झोपेल असे ठरवले आणि एकच गादी मागितली. मग मी नवा आकडा लिहिला, २,४०० आणि कर, त्याबरोबर मुलीच्या नाश्त्याचे पैसे वेगळे पडतील हेही लिहिले, आणि त्याखाली त्यांची सही घेतली. किती वयापर्यंतचे मूल लहान धरायचे हे प्रत्येक हॉटेलात वेगळे असते, तेही तुमच्या त्या चिकटवलेल्या कागदावर असू द्या.

तिसरे ठिकाण आकड्यांच्या उच्चाराचे. त्यांची खोली २१५ होती. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ हे बोलताना जवळजवळ सारखे ऐकू येतात आणि इंग्रजांनासुद्धा ते परत विचारावे लागतात. म्हणून खोलीचा क्रमांक एकेक आकडा करून म्हणावा: “टू, वन, फाइव्ह.” रक्कम नुसती बोलू नये, कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवावी. मजल्याबद्दलही सावध राहा. आपण ज्याला दुसरा मजला म्हणतो त्याला अमेरिकेतून आलेला माणूस तिसरा म्हणतो, कारण तिकडे तळमजला हाच पहिला मोजतात. “लिफ्ट, प्रेस टू” असे सांगितले की मजल्याचा प्रश्नच राहत नाही.

शेवटी मी सगळे परत एकदा म्हणून दाखवले: किती रात्री, किती माणसे, एक जादा गादी, किती पैसे मिळाले, किती बाकी, कोणत्या वारी निघणार. प्रत्येक मुद्द्यावर पेन टेकवले आणि त्यांनी मान हलवली की पुढे गेले. याला एक मिनिट लागते. हे एक मिनिट रांग लागली की सगळे आधी वाचवायला पाहतात. २०१५ च्या सिंहस्थात काउंटरवर चार-चार कुटुंबे उभी असताना मीही ते वाचवून पाहिले होते, आणि प्रत्येक वाचवलेल्या मिनिटाची भरपाई बिलाच्या वेळी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वादाने करावी लागली. मान हलवण्याबद्दल मात्र एक सावधगिरी बाळगा: दक्षिणेकडचे लोक होकारासाठी मान दोन्ही बाजूंना डोलवतात आणि तो आपल्याला नकार वाटू शकतो. शंका आली तर “ओके, सर?” असे विचारून शब्दात उत्तर घ्या.

परदेशी गेस्टच्या बाबतीत याच क्रमात एक काम वाढते. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की त्याची माहिती, आपण ज्याला सी-फॉर्म म्हणतो त्यातून, २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. ही जबाबदारी हॉटेलची असते, गेस्टची नव्हे. पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील कागदावरूनच उतरवता येतात, त्यासाठी बोलण्याची गरज नाही. बोलावे लागते ते दोन प्रश्नांसाठी: गेस्ट कुठून आला आणि इथून कुठे जाणार. इथे ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ विचारले की तो ‘फ्रान्स’ म्हणतो, कारण त्या वाक्याचा अर्थच ‘तुम्ही कुठले?’ असा आहे. तुम्हाला हवे असते ते नाशिकआधीचे ठिकाण. म्हणून विचारा, “बिफोर नाशिक, विच सिटी?” आणि मग “आफ्टर नाशिक, विच सिटी?” तारखा विचारताना महिना अक्षरांत लिहायला सांगा, ०३/०४ याचा अर्थ आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकन माणसासाठी ४ मार्च असतो.

पासपोर्ट हातात घेतला की गेस्टचे सगळे लक्ष त्यावर खिळते. तो घेऊन आत निघून जाऊ नका आणि सकाळपर्यंत ठेवूनही घेऊ नका. “आय विल टेक अ कॉपी. आय विल गिव्ह इट बॅक नाऊ” असे सांगा, त्याच्यासमोर प्रत काढा आणि दोन्ही हातांनी परत द्या. हे सगळे कशासाठी असे त्याने विचारले तर ‘पोलीस’ हा शब्द एकट्याने वापरू नका. तो ऐकून माणूस दचकतो. “गव्हर्नमेंट फॉर्म, सर. फॉर ऑल फॉरेन गेस्ट्स” असे सांगितले की आपल्यावर संशय नाही, हे त्याला कळते.

एवढे करूनही गेस्ट असे काही बोलेल की ज्यातला एकही शब्द कळणार नाही. त्या वेळी आधी “सॉरी, स्लोली, प्लीज” म्हणा. दुसऱ्यांदाही कळले नाही तर कागद आणि पेन पुढे करा आणि “प्लीज राइट” म्हणा. बोललेले इंग्रजी कळत नाही अशा अनेकांना लिहिलेले कळते, कारण आपण शाळेत इंग्रजी वाचूनच शिकलेलो असतो. तरीही उलगडा झाला नाही तर “वन मिनिट, आय विल कॉल माय मॅनेजर” असे म्हणून त्याच्यासमोरच फोन लावा. रात्री दोनला मॅनेजरला उठवण्याचा संकोच मीही केलेला आहे, पण ज्या मॅनेजरने तुम्हाला इंग्रजी कच्चे आहे हे माहीत असून रात्रपाळीला बसवले त्याने तो फोन घेतलाच पाहिजे. फोनवरून बोलणाऱ्या गेस्टच्या बाबतीत कागद चालत नाही, चेहराही दिसत नाही. म्हणून खोलीतून फोन आला आणि समजले नाही तर “आय एम कमिंग टू युअर रूम, सर” म्हणा आणि पेन घेऊन स्वतः जा किंवा बेलबॉयला पाठवा.

क्लासबद्दल माझे मत विचारलेत म्हणून सांगते. पहिले तीन महिने लावू नका. तिथे तुम्हाला काळ, प्रयोग आणि स्वतःची ओळख करून देणारे भाषण शिकवतील, आणि त्यातले काही काउंटरवर उपयोगी पडेपर्यंत वर्ष जाईल. त्याऐवजी खिशात एक छोटी वही ठेवा. गेस्टने जो प्रश्न विचारला आणि तुम्हाला कळला नाही, तो जसा ऐकू आला तसा देवनागरीत लिहून ठेवा, मग तो चुकीचा असला तरी हरकत नाही. सकाळी शिफ्ट बदलताना ज्याला इंग्रजी बरे येते त्याला वाचून दाखवा आणि त्याचा अर्थ व उत्तर त्याखाली लिहून घ्या. माझ्या पहिल्या वहीत ‘इज देअर एनी चान्स ऑफ अ क्वाएटर रूम’ हे मी ‘चान्स कॉर्टर रूम’ असे लिहिले होते. नव्वद दिवसांत असे साठ-सत्तर प्रश्न जमले आणि मग नवीन प्रश्न येणेच कमी झाले. त्या वेळी क्लास लावलात तर तुम्हाला नेमके काय हवे आहे ते मास्तरांना सांगता येईल.

आणि शिफ्ट संपवताना लॉगबुकमध्ये इंग्रजी लिहिण्याचा आग्रह धरू नका, तुमच्या हॉटेलात सक्ती नसेल तर. गेस्टशी तोडक्या इंग्रजीत जे ठरले ते पूर्ण, स्पष्ट मराठीत लिहा: ‘२१५ – एक जादा गादी, ८०० प्रमाणे तीन रात्री, सही घेतली आहे. उद्या पहाटे साडेचारला उठवायचे, पाचला त्र्यंबकची गाडी. आजोबांना जिना नको, लिफ्ट बंद पडल्यास तळमजल्यावरची खोली द्यायची असे सांगितले आहे.’ सकाळी येणाऱ्या माणसाने ते वाचले की त्या कुटुंबाला तेच सगळे परत तोडक्या इंग्रजीत समजावून सांगावे लागत नाही.